कूलिंग टॉवरवरचा आळ

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राजवळून आमची बस चालली होती. शेजारी बसलेल्या काकांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. कमरेत बारीक असलेले ते अवाढव्य काँक्रीटचे कूलिंग टॉवर, आणि त्यांच्या तोंडातून निघणारे पांढरे लोट. "बघा," काका म्हणाले, "एवढी वाफ फुकट हवेत चालली आहे. आपल्याकडे कशाचं नियोजन म्हणून नाही."

मी अभियांत्रिकीच्या मुलांना काही वर्षं हाच विषय शिकवला आहे, त्यामुळे तोंड गप्प बसेना. म्हटलं, "काका, ती टर्बाइनमधली वाफ नाही. टर्बाइनची वाफ बंद नळकांड्यांतून फिरते, तिचं पाणी होऊन ते पुन्हा बॉयलरमध्ये जातं. हे बाहेर दिसतंय ते थंड करायचं पाणी, त्याची झालेली वाफ."

"कोणाची का असेना," काका म्हणाले, "गरम आहे ना? मग उष्णता वाया चालली आहे की नाही?"

प्रश्न बिनतोड होता. उष्णता चालली आहे, आणि थोडीथोडकी नाही. कोळसा जळून 100 भाग उष्णता निघाली असं धरलं, तर अशा केंद्रात साधारण 13 भाग धुराड्यातून आणि बॉयलरच्या इतर वाटांनी जातात. उरलेल्या 87 भागांतून वीज होते 37-38 भागांची, आणि त्यातलेही दोन-तीन भाग केंद्राचे स्वतःचे पंप, पंखे आणि कोळशाच्या चक्क्या खातात. बाकीचे जवळपास 50 भाग, म्हणजे कोळशाच्या उष्णतेचा अर्धा वाटा, या टॉवरमधून हवेत जातो. घरात कोणी अर्धं दूध मोरीत ओतलं तर आपण ओरडू. इथे हजारो इंजिनिअर दीडशे वर्षं हेच करत आहेत, आणि तरी त्यांना मूर्ख म्हणता येत नाही. का, त्याचं उत्तर 1824 साली पॅरिसमध्ये छापलेल्या एका छोट्या पुस्तकात आहे.

पुस्तक लिहिणारा सादी कार्नो तेव्हा 28 वर्षांचा होता. 'सादी' हे नाव वडिलांनी फारसी कवी सादीवरून ठेवलेलं. वडील लाझार कार्नो क्रांतिकाळात फ्रान्सच्या सैन्याची उभारणी करणारे म्हणून प्रसिद्ध, पण ते गणितीही होते आणि यंत्रांवर त्यांनी बराच विचार केला होता. पाणचक्कीबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता: पाणी चाकावर आपटता कामा नये, आणि चाक सोडून जाताना त्याच्या अंगात वेग उरता कामा नये. आपटलं की खळखळाट होतो, आणि त्या खळखळाटात गेलेली ताकद परत मिळत नाही. वेग उरला तर ती ताकद वाहून गेली. मुलाने हा विचार पाण्यावरून उचलला आणि आगीला लावला.

त्या काळी वाफेची इंजिनं खाणीतलं पाणी उपसत होती, गिरण्या चालवत होती, पण त्यांच्यातली सुधारणा सगळी हाताच्या अंदाजाने चालली होती. कोणी म्हणे दाब वाढवा, कोणी म्हणे वाफेऐवजी हवा वापरा, कोणी म्हणे अल्कोहोलची वाफ बरी. कॉर्नवॉलच्या खाणीतली उच्च दाबाची इंजिनं कमी कोळशात जास्त पाणी का उपसतात, याचं कारण कोणालाच नेमकं सांगता येत नव्हतं. कार्नोने यंत्राचे दट्टे, झडपा, चाकं सगळं बाजूला सारलं आणि दोनच प्रश्न विचारले. आगीपासून मिळणाऱ्या ताकदीला काही मर्यादा आहे का? आणि वाफेपेक्षा चांगला कोणता पदार्थ असू शकतो का?

त्याची पहिली मोठी नजर अशी की इंजिनाला आग पुरत नाही, थंडावाही लागतो. ही गोष्ट आजही मुलांच्या गळी उतरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. परीक्षेत कार्नो चक्राची आकृती सगळे बिनचूक काढतात, पण "थंड बाजू काढून टाकली तर काय होईल?" म्हटलं की वर्ग शांत. विचार करा. दट्ट्याच्या नळकांड्यात हवा भरली आहे. ती तापवली, फुगली, दट्टा पुढे सरकला, काम झालं. एकदाच झालं. पुन्हा काम हवं असेल तर दट्टा मागे आणावा लागेल. हवा तशीच तापलेली ठेवून दट्टा मागे दाबला, तर पुढे जाताना जेवढं काम मिळालं तेवढंच मागे आणताना खर्ची पडेल. हातात शून्य. मागे आणणं स्वस्त पडायचं असेल तर हवा आधी थंड करायला हवी, कारण थंड हवेचा दाब कमी. आणि थंड करायची म्हणजे तिच्यातली उष्णता कुठेतरी टाकायला हवी. ते 'कुठेतरी' म्हणजे कूलिंग टॉवर.

पाणचक्कीचं उदाहरण इथे चपखल बसतं, आणि कार्नोने ते वापरलंही. धरणात पाणी कितीही असो, ते खाली पडायला जागा नसेल तर चाक फिरत नाही. उष्णतेचंही तसंच. तिला पडायला उंचसखलपणा हवा, आणि उष्णतेची उंची म्हणजे तापमान.

आता वडिलांचा नियम. पाणी आपटू द्यायचं नाही, म्हणजे उष्णतेच्या भाषेत काय? गरम वस्तू थंड वस्तूला नुसती चिकटली की उष्णता एकीतून दुसरीत जाते, तापमानं सारखी होतात, आणि काम काहीच होत नाही. हा उष्णतेचा खळखळाट. चहा ताटलीत ओतून निववतो तेव्हा हेच होतं. तर सर्वोत्तम इंजिन ते, ज्यात वेगवेगळ्या तापमानाच्या दोन गोष्टी कधीच एकमेकींना चिकटत नाहीत. ऐकायला हे अशक्य वाटतं, कारण तापमान सारखं असेल तर उष्णता वाहणारच कशी? कार्नोचं प्रसिद्ध चक्र म्हणजे या पेचातून काढलेली वाट आहे.

नळकांड्यात हवा घ्या आणि ते गरम भट्टीला टेकवा. हवेचं तापमान भट्टीइतकंच आहे. आता दट्टा अगदी हळूहळू पुढे सरकू द्या. फुगताना हवा किंचित थंड व्हायला बघते, पण झाली न झाली तोच भट्टीतून तेवढी उष्णता आत येते. तापमान ढळत नाही, आणि आलेली सगळी उष्णता काम करते. मग भट्टी काढून घ्या आणि नळकांड्याला जणू रजई गुंडाळा, म्हणजे उष्णता ना आत येईल ना बाहेर जाईल. दट्टा अजून पुढे जाऊ द्या. आता हवा स्वतःच्या अंगातली ऊर्जा खर्च करून फुगते आणि थंड होत जाते. सायकलची ट्यूब सोडली की निघणारी हवा गार लागते, ते यातलंच. तापमान थंड बाजूइतकं उतरलं की थांबा. रजई काढा, नळकांडं थंड पाण्याला टेकवा आणि दट्टा हळूहळू मागे दाबा. दाबताना निघणारी उष्णता पाण्यात जाते. शेवटी पुन्हा रजई, पुन्हा दाब, आणि हवा तापत तापत बरोबर भट्टीच्या तापमानाला येऊन पोहोचते. पंपाने हवा भरताना पंपाचं टोक तापतं तसं. चक्र पूर्ण झालं, आणि कुठेही गरम गोष्ट थंड गोष्टीला चिकटली नाही. तापमानाचा सगळा प्रवास हवेने रजईच्या आत, एकटीने केला.

या इंजिनाचा मोठा गुण असा की ते उलटं चालवता येतं. कुठेच खळखळाट नसल्यामुळे प्रत्येक पाऊल मागे टाकता येतं. सुलट चालवलं तर उष्णता वरून खाली येते आणि काम मिळतं. उलट चालवलं तर काम घालावं लागतं आणि उष्णता खालून वर चढते. स्वयंपाकघरातला फ्रिज हे असंच, पण बऱ्याच खळखळाटासह चालणारं उलटं इंजिन आहे. त्याच्या पाठीमागची जाळी गरम लागते, ती आतून उपसलेल्या उष्णतेने आणि कॉम्प्रेसरच्या कामाने.

आता कार्नोचा दुसरा प्रश्न: याहून चांगलं इंजिन असू शकेल का? इथे एक हिशेब करून बघू. गरम बाजू 600 केल्विन, म्हणजे सुमारे 327 अंश सेल्सिअस, आणि थंड बाजू 300 केल्विन, म्हणजे 27 अंश. (सेल्सिअसमध्ये 273 मिळवले की केल्विन, ही मोजपट्टी अशी का, ते पुढे.) या दोन तापमानांमध्ये कार्नोचं इंजिन 600 ज्यूल उष्णता घेऊन 300 ज्यूल काम देतं आणि 300 ज्यूल खाली टाकतं. कार्यक्षमता 50 टक्के.

समजा कोणी येऊन म्हणालं, माझं इंजिन 60 टक्के देतं. म्हणजे 600 ज्यूल घेऊन 360 ज्यूल काम आणि फक्त 240 ज्यूल खाली. ठीक. त्याचे ते 360 ज्यूल घेऊन आपण कार्नोचं इंजिन उलटं चालवू. उलट्या कार्नोला 360 ज्यूल काम दिलं की तो थंड बाजूकडून 360 ज्यूल उष्णता उचलतो आणि दोन्हींची बेरीज, 720 ज्यूल, गरम बाजूला टाकतो. आता दोन्ही यंत्रांची मिळून वही बघा. गरम बाजूकडून 600 गेले, 720 परत आले, म्हणजे 120 वाढले. थंड बाजूला 240 आले, 360 गेले, म्हणजे 120 कमी झाले. बाहेरून आपण काहीच घातलं नाही. दोन यंत्रं एकमेकांना जोडून बंद खोलीत ठेवली आणि थंड वस्तू आपोआप आणखी थंड, गरम वस्तू आपोआप आणखी गरम होऊ लागली. टेबलावर ठेवलेला चहा खोलीतली उष्णता ओढून उकळायला लागावा, तसं.

ऊर्जेच्या हिशेबात यात एक पैशाची चूक नाही. 120 इथून गेले, 120 तिथे आले. तरी असं होत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. उष्णता आपण होऊन थंडाकडून गरमाकडे जात नाही, हाच ऊष्मागतिकीचा दुसरा नियम, आणि क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञाने तो याच रूपात मांडला. पहिला नियम म्हणतो ऊर्जा नवी निर्माण होत नाही. दुसरा म्हणतो, असलेली ऊर्जाही वाटेल त्या दिशेला जात नाही. अरबी समुद्रात एवढी उष्णता साठली आहे की ती वापरून जहाज चालवलं आणि मागे थोडं थंड पाणी सोडलं, तर पहिला नियम आडवा येणार नाही. दुसरा येतो, कारण त्या जहाजाला उष्णता टाकायला समुद्राहून थंड जागाच नाही.

तर दुसरा नियम मान्य असेल, तर कार्नोहून चांगलं इंजिन अशक्य. आणि हा युक्तिवाद नळकांड्यात हवा आहे, वाफ आहे की अल्कोहोल, हे विचारतच नाही. म्हणून कमाल मर्यादा फक्त दोन तापमानांवर ठरते. अल्कोहोलवाल्यांचा वाद असा एका फटक्यात संपला, निदान संपायला हवा होता.

गंमत अशी की कार्नोला स्वतःला हे एका चुकीच्या समजुतीच्या आधारे सापडलं. त्याच्या पुस्तकात उष्णता हा एक द्रव आहे, 'कॅलरिक', जो वरून खाली पडतो पण कमी होत नाही, पाण्यासारखाच. म्हणजे जेवढी उष्णता वर घेतली तेवढीच खाली मिळणार. प्रत्यक्षात त्यातला एक भाग कामात बदलतो, आणि पाण्याची उपमा तिथे लंगडी पडते. चुकीच्या पायावर बरोबर इमारत, असं विज्ञानात क्वचित घडतं. बरं, ही चूक त्याच्या लक्षातही येऊ लागली होती, हे त्याच्या टिपणांवरून दिसतं. पण 1832 मध्ये पॅरिसला कॉलऱ्याची साथ आली आणि 36 व्या वर्षी तो गेला. साथीच्या भीतीने त्याचे बरेच कागद नष्ट झाले. उरलेली टिपणं धाकट्या भावाने, हिप्पोलिटने, 1878 मध्ये छापली.

पुस्तकाकडे तोवर फारसं कोणी बघितलंच नव्हतं. क्लापेरॉन नावाच्या इंजिनिअरने 1834 मध्ये त्यातला विचार दाब आणि आकारमान यांच्या आलेखात मांडला. आज विद्यार्थी कार्नो चक्राची म्हणून जी आकृती काढतात ती खरं तर क्लापेरॉनची. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, 1845 मध्ये पॅरिसला असताना मूळ पुस्तकासाठी दुकानं पालथी घालत होते. दुकानदारांना दुसरे कार्नो माहीत होते, हा माहीत नव्हता. थॉमसन यांच्या लक्षात आलं की कमाल कार्यक्षमता पदार्थावर अवलंबून नसेल, तर तिच्यावरून तापमानाची अशी मोजपट्टी बनवता येईल जी पारा किंवा हवा अशा कुठल्याही पदार्थाच्या लहरीवर अवलंबून नसेल. केल्विन हे एकक आलं ते असं, कार्नोच्या इंजिनातून. त्या मोजपट्टीत सगळा हिशेब एका ओळीत मावतो:

कमाल कार्यक्षमता = 1 − (थंड बाजूचं तापमान ÷ गरम बाजूचं तापमान)

हे सूत्र कार्नोच्या पुस्तकात नाही, त्याच्यानंतर आलं. क्लॉसियसने त्यातच आणखी एक गोष्ट पाहिली. वरच्या उदाहरणात 600 ज्यूल 600 केल्विनला आले, भागाकार 1. खाली 300 ज्यूल 300 केल्विनला गेले, भागाकार पुन्हा 1. उष्णता अर्धी झाली, पण उष्णता भागिले तापमान तेवढंच राहिलं. हा भागाकार ज्या राशीतला बदल मोजतो तिला त्याने 1865 मध्ये 'एन्ट्रॉपी' असं नाव दिलं. आदर्श इंजिनात ती जेवढी येते तेवढीच बाहेर जाते. प्रत्येक खळखळाटात ती वाढते. कमी कधीच होत नाही. 60 टक्केवाल्या फुशारकीत 1 आत आला आणि 240 भागिले 300, म्हणजे 0.8 बाहेर गेला, 0.2 गायब. तिथेच त्याची चोरी पकडली जाते. काकांना त्या दिवशी मी एवढंच म्हणालो की कूलिंग टॉवर हे एन्ट्रॉपी बाहेर टाकायचं दार आहे, आणि अर्थातच त्यांना ते पटलं नाही. त्यांना चंद्रपूरचेच आकडे द्यायला हवे होते.

तिथल्या 500 मेगावॉटच्या संचांच्या धर्तीवर एक संच घेऊ. वाफ सुमारे 540 अंशांना टर्बाइनमध्ये शिरते, म्हणजे 813 केल्विन. काम करून झालेली वाफ कंडेन्सरमध्ये सुमारे 45 अंशांना पाणी होते, म्हणजे 318 केल्विन. 318 ला 813 ने भागा, 1 मधून वजा करा: जवळपास 61 टक्के. ही देवाने घालून दिलेली मर्यादा म्हणा. प्रत्यक्षात हाती 35. मधले 26 टक्के कुठे गेले?

पहिली गोम अशी की सगळी उष्णता 540 अंशांना आत येत नाही. बॉयलरमध्ये पाणी शिरतं ते सुमारे 250 अंशांना, वातावरणाच्या 170 पट दाबाखाली उकळतं ते साधारण 350 ला, आणि शेवटी वाफ तापून 540 ला जाते. सरासरी धरली तर उष्णता 350 अंशांच्या आसपास आत येते. त्या तापमानाने, म्हणजे 623 केल्विनने, हिशेब केला की मर्यादा 61 वरून 49 वर उतरते. मग टर्बाइनच्या पात्यांवरचं घर्षण, फटींतून निसटणारी वाफ आणि जनरेटरचं नुकसान धरून 43. बॉयलरच्या 87 टक्क्यांनी गुणलं की 37-38. केंद्राचा स्वतःचा खर्च गेला की 35. वहीचा ताळा जमला.

पण लाझार कार्नोचा नियम आठवा आणि वर, भट्टीकडे बघा. कोळशाची ज्योत 1,400-1,500 अंशांची असते. वाफ 540 ची. या दोहोंमध्ये पोलादी नळ्यांची एक भिंत, आणि त्या भिंतीतून उष्णता हजार अंश एकदम खाली आपटते, कुठलंही काम न करता. 1,500 अंश ते 45 अंश असं इंजिन असतं तर मर्यादा 82 टक्के निघाली असती. खरा धबधबा इथे वाया जातो, बॉयलरच्या आत, जिथे ना लोट दिसतात ना कोणी बोट दाखवतं.

आणि ज्याच्याकडे बोट दाखवतात त्या टॉवरमधल्या उष्णतेचं मोल किती? कंडेन्सर 45 अंशांना, बाहेरची हवा समजा 30 अंशांना. 303 भागिले 318, 1 मधून वजा: 5 टक्क्यांहून थोडं कमी. म्हणजे ते 50 भाग गोळा करून त्यांच्यावर कार्नोचं बिनचूक इंजिन बसवलं, तरी मिळणार दोन-अडीच भाग. खऱ्या इंजिनाने एकही नाही मिळणार. ढीग मोठा आहे, पण चिल्लरचा. अर्धं दूध मोरीत, असं मी वर म्हटलं ते खरं नाही. लोणी केव्हाच काढून झालेलं आहे, हे ताकाखालचं पाणी.

मग वाफ 1,500 अंशांना का नेत नाहीत? कारण पोलाद. 540-600 अंशांच्या पुढे साधं पोलाद प्रचंड दाबाखाली वर्षानुवर्षं हळूहळू ताणत जातं आणि नळ्या फुटतात. कोराडीचे 660 मेगावॉटचे संच अधिक दाबावर आणि तापमानावर चालतात ते चांगल्या मिश्रधातूंच्या जोरावर, आणि त्यातून मिळतात ते दोन-चार टक्के. वरचा धबधबा पकडायची दुसरी युक्ती म्हणजे गॅस टर्बाइन. तिथे जळालेला वायूच थेट पात्यांवर जातो, मधली नळ्यांची भिंत नाही, आणि पाती आतून हवा खेळवून गार ठेवतात. त्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर पुन्हा वाफ करायची. उरणच्या वायू विद्युत केंद्रात अशी दुहेरी व्यवस्था आहे. जगातली नवी अशी केंद्रं 60 टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. त्यांचं गुपित एवढंच की उष्णतेला त्यांनी दोन पायऱ्यांत उतरवलं.

खालच्या टोकाचं काय? सूत्रात एक खुबी आहे. गरम बाजू 10 अंशांनी वाढवली, 813 ची 823 केली, तर मर्यादा अर्ध्या टक्क्याने वाढते. थंड बाजू 10 अंशांनी उतरवली, 318 ची 308 केली, तर सव्वा टक्क्याने. खालचा अंश वरच्या अंशापेक्षा मोलाचा. म्हणून केंद्रातले लोक कंडेन्सरच्या 'व्हॅक्यूम'वर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात. 45 अंशांना वाफेचं पाणी होतं तेव्हा कंडेन्सरमध्ये वातावरणाच्या दहाव्या हिश्शाइतकाच दाब असतो. तो वाढला की समजायचं खालचं टोक वर सरकलं. नळ्यांच्या आत क्षार बसले असतील तर वाफेचं तापमान आणि बाहेर पडणाऱ्या थंड पाण्याचं तापमान यांतलं अंतर वाढत जातं. कुठून हवा शिरत असेल तर जमलेल्या पाण्यात ऑक्सिजन वाढतो. आणि टॉवरला येणारं पाणीच कोमट असेल तर दोष हवामानाचा. चंद्रपूरचा मे महिना माणसाला भाजून काढतो, पण हवा कोरडी असल्याने टॉवरमधलं पाणी भराभर बाष्प होऊन बरंच गार होतं. पावसाळ्यातली दमट हवा कमी तापमानाची असूनही टॉवरला तितकी साथ देत नाही. टॉवरला उकाड्यापेक्षा दमटपणा जास्त जाचतो.

आणखी एक अट कार्नोच्या चक्रात लपलेली आहे, आणि ती मला सगळ्यात आवडते. "दट्टा अगदी हळूहळू सरकू द्या," असं मी वर दोनदा म्हटलं. किती हळू? खरं तर अनंत काळ. भट्टी आणि हवा यांचं तापमान तंतोतंत सारखं असेल तर उष्णता वाहायला कायमचा वेळ लागेल. म्हणजे पूर्ण कार्यक्षमतेचं इंजिन शून्य मेगावॉट देतं. विजेची घाई असेल तर थोडा उतार ठेवावाच लागतो, थोडा खळखळाट सोसावाच लागतो. कर्झन आणि आलबोर्न या दोघांनी 1975 मध्ये याचा साधा हिशेब मांडला: जास्तीत जास्त वीज ओढायची तर भागाकाराचं वर्गमूळ घ्या. 318 भागिले 813 चं वर्गमूळ 0.625, ते 1 मधून वजा केलं की 37.5 टक्के. चंद्रपूरच्या आकड्याच्या किती जवळ! हा कार्नोसारखा अढळ नियम नाही, काही गृहीतं धरून केलेला अंदाज आहे, पण 61 पेक्षा तो जमिनीवरचा आहे.

कोणी नवं इंजिन, नवी योजना घेऊन आलं की मी म्हणूनच आधी दोन तापमानं विचारतो. कोकणातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर वीज का करत नाहीत, असा प्रश्न अधूनमधून येतो. झरा समजा 55 अंशांचा, हवा 30 अंशांची. मर्यादाच साडेसात टक्क्यांची, आणि प्रत्यक्षात तिच्यातला लहानसा हिस्सा. त्यात पंप चालवायचा खर्च. आंघोळीला उत्तम, विजेला नाही.

आंघोळीवरून काकांना सांगायची राहिलेली गोष्ट आठवली. बॉयलरमध्ये 1,500 अंशांची ज्योत, तिच्यातून कशीबशी 35 भाग वीज, तारांमधून येता येता 30 उरली, आणि आपण बाथरूममधल्या गीझरची कळ दाबून त्या विजेची पुन्हा नुसती उष्णता करतो, 45 अंशांचं पाणी मिळवायला. एवढ्या मेहनतीने वर चढवलेली ऊर्जा एका क्षणात तळाला आपटते. चंद्रपूरच्या टॉवरमधून जी उष्णता जाते तीही 45 अंशांचीच. तीच वीज घेऊन फ्रिजसारखं उलटं इंजिन चालवलं आणि बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून पाण्यात टाकली, तर एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळते. 25 अंशांच्या हवेतून 50 अंशांचं पाणी करायचं असेल तर कार्नोची मर्यादा 13 युनिटच्या जवळ आहे, म्हणजे यंत्रात सुधारणेला वाव अजून भरपूर आहे. असे हीट पंप बाजारात आहेत, हॉटेलं आणि वसतिगृहं ते वापरतात. घरासाठी सुरुवातीचा खर्च जड पडतो, म्हणून बहुतेक घरांत अजून साधा गीझरच आहे. माझ्याही.